पस्तीस मिनिटांचा तास, साडेचार जीबी

‘येत्या सोमवारपासून वर्गातील तासाचे रेकॉर्डिंग अपलोड करण्यापूर्वी पुढील नियम पाळावेत. चित्राचा आकार १२८० बाय ७२०. सेकंदाला १५ चित्रे. प्रकार एमपी-४, एच. २६४. आवाज मोनो. पस्तीस मिनिटांच्या तासाची फाइल शक्यतो ३०० एमबीच्या आत असावी. फाइल झिप करू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल चढवू नये. स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवू नये.’

एका माध्यमिक शाळेच्या समन्वयक मॅडमनी काढलेलं हे पत्र शिक्षकांच्या खोलीत लागलं, तेव्हा पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती तीच आली. ‘मॅडम, आम्ही फळ्याकडे बघायचं की या आकड्यांकडे?’ गणिताच्या सरांनी विचारलं. प्रश्न रास्तच होता. पत्रात नियम होते, पण त्यामागची कारणं नव्हती. आणि कारण कळलं नाही की माणूस नेमका चुकीचा नियम मोडतो. फाइल लहान व्हायला हवी एवढंच तो लक्षात ठेवतो, मग फळा वाचता येईना झाला तरी चालतं.

या सगळ्याची सुरुवात एका तासापासून झाली. नववीचा भूमितीचा तास, धडा चौकोनांचा. सरांनी फोन टेबलावर उभा केला आणि पस्तीस मिनिटं सलग रेकॉर्डिंग केलं. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये कंपनीनेच लिहून ठेवलं आहे, की सर्वत्र चालणाऱ्या जुन्या प्रकारात १०८० पिक्सेलचा व्हिडिओ मिनिटाला सुमारे १३० एमबी घेतो. अँड्रॉइड फोनही साधारण याच घरात असतात. पस्तीस गुणिले १३० म्हणजे साडेचार जीबी.

ही फाइल पेनड्राइव्हवरही जाईना. पेनड्राइव्ह १६ जीबीचा, जवळपास रिकामा, तरी संगणक म्हणे फाइल फार मोठी आहे. यात पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो. बरेच पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने आखलेले येतात आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. अपलोडचा हिशोबही असाच. शाळेच्या इंटरनेटला फाइल वर चढवण्याचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट मिळाला, तर साडेचार जीबीला दोन तास लागतात, तेही मध्ये वीज गेली नाही तर. घरी बघणाऱ्या मुलाच्या फोनवर दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर हा एक तास डाउनलोड करायला त्याला तीन दिवसांचा डेटा जाळावा लागेल. आजारी असलेली, गावाला गेलेली, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली जी मुलं वर्गात नव्हती, त्यांच्यासाठीच तर हे रेकॉर्डिंग आहे.

फोन एवढी मोठी फाइल का बनवतो? त्याला चित्र टिपता टिपताच, त्याच क्षणी आवळून साठवायचं असतं. समोर धावणारं पोर येईल, धबधबा येईल की स्तब्ध फळा, हे त्याला आधी माहीत नसतं. म्हणून तो सढळ हाताने जागा वापरतो. संगणकाला अशी घाई नसते. तो पूर्ण झालेलं रेकॉर्डिंग हातात घेतो, मागची-पुढची चित्रं सावकाश ताडून बघतो आणि नको ते काढून टाकतो.

काढून टाकतो म्हणजे काय, ते शिक्षकांना हजेरीपटावरून चटकन कळेल. वर्गात साठ मुलं असली तरी वरिष्ठांना कळवताना आपण साठ नावं वाचत नाही, आज गैरहजर कोण तेवढं सांगतो. बाकीचे कालच्यासारखेच. एच. २६४ ही २००३ साली ठरलेली पद्धत व्हिडिओचं असंच करते. अधूनमधून एक चित्र पूर्ण साठवते आणि मधल्या चित्रांसाठी फक्त काय बदललं ते नोंदवते. फळा, भिंत, खिडकी काहीच हललं नाही, तर नोंदवायला जवळपास काही उरत नाही. सरांचा हात आणि खडूची नवी रेघ एवढंच काय ते.

इथे एक गंमत आहे, जी पत्रात दोन ओळींत उरकली होती आणि जिला खरं तर अख्खं पान द्यायला हवं होतं. ‘दिवे लावावेत, फोन हलू देऊ नये, पंखा चौकटीत येऊ देऊ नये.’ वर्गात उजेड कमी असला की कॅमेरा आपली संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रावर बारीक दाणे उमटतात. हे दाणे प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतात. माणसाच्या डोळ्याला फळा स्थिर दिसतो, संगणकाला मात्र प्रत्येक क्षणी अख्खा फळा बदलल्यासारखा वाटतो आणि तो इमाने इतबारे सगळं नोंदवत बसतो. हातात धरलेल्या फोनचंही तेच. हात किंचित हलला की भिंतीसकट सगळं सरकतं. कोपऱ्यात गरगरणारा छताचा पंखा तर पस्तीस मिनिटं फुकटची जागा खातो. त्यामुळे एकच सेटिंग वापरूनही एका शिक्षकांची फाइल १८० एमबीची आणि दुसऱ्यांची ६०० एमबीची होऊ शकते. फरक संगणकाचा नसतो, ट्यूबलाइटचा असतो. दोन बाक एकावर एक ठेवून त्यावर फोन टेकवला आणि खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीमागे येईल असं बघितलं, तर अर्धं काम रेकॉर्डिंगपूर्वीच झालेलं असतं. फोन आडवा ठेवायचा हेही आलंच. उभ्या चित्रात फळ्याच्या दोन्ही कडा कापल्या जातात आणि वर-खाली छत नि जमीन तेवढी दिसते.

आता आकडा ७२०चा. गणिताच्या सरांचं म्हणणं होतं, एवढीच काटकसर करायची तर ३६० का नको? त्याचं उत्तर फळा मोजून काढता येतं. फळा आठ फूट रुंद, म्हणजे ९६ इंच. तो चौकटीत बरोबर बसला आणि चित्राची रुंदी १२८० ठिपके असेल, तर फळ्याच्या एका इंचाला तेरा ठिपके मिळतात. दोन इंच उंचीचं अक्षर सव्वीस ठिपक्यांचं होतं, ते सहज वाचता येतं. सरांनी कर्णाच्या लांबीवर वर्गाचा जो छोटा २ लिहिला, तो पाऊण इंचाचा, म्हणजे दहा ठिपक्यांचा. कसाबसा वाचता येतो. रुंदी निम्मी, ६४० केली की तोच २ पाच ठिपक्यांचा उरतो. पाच ठिपक्यांत २ आहे की ३ हे देवही सांगू शकणार नाही. इतिहासाच्या तासाला जे चालून जाईल ते बीजगणितात चालत नाही, आणि म्हणून पत्राने सगळ्यांसाठी ७२० ही खालची मर्यादा धरली. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ का नको, तेही यातच आलं. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो परत आवळतं, आणि जे ठिपके एकदा गेले ते नंतर कुठल्याही सेटिंगने परत येत नाहीत.

सेकंदाला १५ चित्रं हा नियम मात्र थोडा फसवा आहे. तीसची पंधरा केली म्हणजे फाइल निम्मी झाली असं वाटतं, पण तसं होत नाही. दोन चित्रांमधलं अंतर वाढलं की त्यांच्यातला बदलही वाढतो, तेव्हा बचत निम्म्याहून बरीच कमी असते. फळ्यावर लिहिणाऱ्या हाताला १५ पुरतात. विज्ञानाच्या सरांनी मात्र लंबकाचा प्रयोग याच सेटिंगवर आवळला, तर लंबक झटके देत हलताना दिसेल. प्रयोग, कवायत, नृत्य यांना ३० ठेवावेत. पत्रात ही सूट नव्हती, दुसऱ्या दिवशी मॅडमनी पेनाने लिहून वाढवली.

आवाजाच्या बाबतीत बहुतेक जण उलटं करतात. फाइल आटोक्यात येत नाही म्हणून आवाजाचा दर्जा खाली आणतात. हिशोब बघा. एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो आवाज सेकंदाला ६४ किलोबिट या दराने पस्तीस मिनिटांत जेमतेम १७ एमबी घेतो. दोनशे एमबीच्या फाइलमध्ये हा हिस्सा किरकोळ आहे. तो आणखी खाली ओढला तर स, श आणि ष यांची कुजबुज होते, आणि बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. फळा जरा धूसर असला तर मूल ऐकून निभावून नेतं. आवाज गेला तर तास गेला. खरं तर इथे खर्च करण्याजोगी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वायरच्या इअरफोनचा माइक कॉलरला अडकवणं. टेबलावरच्या फोनपेक्षा तो तोंडाच्या कितीतरी जवळ असतो.

प्रत्यक्ष काम हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रामवर होतं. २००३ साली एरिक पेटी या प्रोग्रामरने तो लिहायला घेतला आणि आज तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. सरांनी भूमितीची फाइल खिडकीत ओढून टाकली आणि Preset म्हणून `Fast 720p30` निवडला. Video या टॅबमध्ये Framerate १५ केला आणि त्याखाली `Constant Framerate`वर खूण केली. ही खूण महत्त्वाची. फोन उजेडाप्रमाणे चित्रांचा वेग कमीजास्त करत असतो. तसाच राहू दिला तर काही प्रोग्राममध्ये आवाज आणि चित्र हळूहळू फारकत घेतात. सुरुवातीला कळत नाही. चौतिसाव्या मिनिटाला सर फळ्यावर खडू टेकवतात आणि टक्क असा आवाज थोड्या वेळाने येतो.

त्याच टॅबवर गुणवत्तेची सरकपट्टी असते, `RF` नावाची. आकडा जितका मोठा, तितकी फाइल लहान आणि चित्र खराब. साधारणपणे सहा अंकांनी वर गेलं की फाइल निम्मी होते. पत्रात २४ सांगितले होते. इथे मॅडमचं कौतुक करायला हवं, कारण सोपा मोह होता तो सगळ्या फाइली बरोबर अमुक एमबीच्या करा असं सांगण्याचा. तसं केलं असतं तर शांत फळ्याच्या तासाला विनाकारण जास्त जागा मिळाली असती आणि नकाशे, आकृत्या, फिरणारे शिक्षक असलेल्या तासाचं चित्र चौकोनी ठिगळांनी भरलं असतं. RF दर्जा सारखा ठेवतो आणि आकार तासाप्रमाणे बदलू देतो. पत्रातल्या ‘शक्यतो’ या शब्दाचा अर्थ हा आहे.

Audio टॅबवर `AAC`, `Mono` आणि ६४. Summary टॅबवर `Web Optimized`. एमपी-४ फाइलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका असते आणि ती बहुधा शेवटी लिहिली जाते. ही खूण ती पुढे आणते. ड्राइव्ह आणि यूट्यूब चढवलेल्या व्हिडिओवर स्वतःच पुन्हा प्रक्रिया करतात, त्यामुळे तिथे याने फारसं काही बदलत नाही. शाळेने स्वतःच्या संकेतस्थळावर फाइल ठेवली, तर मात्र व्हिडिओ लगेच सुरू होणं यावर अवलंबून असतं.

मग Start Encode. जुन्या लॅपटॉपला हे काम जड जातं, म्हणून सर ते सुरू करून पुढच्या तासाला गेले. परत आले तेव्हा साडेचार जीबीची फाइल २०० एमबीची झाली होती. तीच चढवायला पाच-सहा मिनिटं लागली.

दिवसभराच्या आठ-दहा फाइली एकदम करायच्या, तर शाळेचे संगणक शिक्षक हँडब्रेकऐवजी एफएफएमपेगची एक ओळ वापरतात. हेच सगळे नियम त्यात आहेत:

```
ffmpeg -i tas3.mov -vf scale=-2:720,fps=15 -c:v libx264 -crf 24 -c:a aac -b:a 64k -ac 1 -movflags +faststart tas3.mp4
```

चुका होतात त्या बहुतेक वेळा अतिउत्साहाने. एका मॅडमनी फाइल झिप करून पाठवली आणि ती जवळपास तेवढीच राहिली, म्हणून पुन्हा झिप केली. एमपी-४ आधीच आवळलेला असतो, झिपला त्यात पिळायला काही सापडत नाही. वर ती फाइल फोनवर थेट चालतही नाही. दुसरी चूक याहून मजेदार. झूमवर घेतलेल्या तासाचं रेकॉर्डिंग, त्यातही नुसत्या स्लाइड असतील तर, मुळातच इतकं लहान असतं की ते हँडब्रेकमधून काढलं की कधीकधी मोठं होतं! झूमने आधीच कंजूषपणा केलेला असतो, हँडब्रेक २४चा दर्जा राखायला जास्त जागा घेतो आणि दर्जा मात्र इंचभरही सुधारत नाही. बाहेर पडणारी फाइल आत घातलेल्यापेक्षा मोठी दिसली, तर ती टाकून मूळचीच चढवायची.

तिसरी अडचण फोनमध्ये दडलेली असते. नव्या फोनमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ चालू असेल, तर रेकॉर्डिंग एच. २६५ या २०१३च्या पद्धतीत होतं. फाइल जवळपास निम्मी होते, म्हणून शिक्षक खूश होऊन ती तशीच चढवतात. मग जुन्या संगणकावर ती उघडली की आवाज येतो आणि पडदा काळा. शाळेच्या संगणकखोलीतल्या यंत्रांचं वय लक्षात घेता मॅडमनी एच. २६४चाच हट्ट धरला, तो बरोबरच आहे.

फाइल चढली म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. अपलोड चालू असताना लॅपटॉपचं झाकण मिटलं तर ते तिथेच थांबतं. चढल्यावरही ड्राइव्ह काही वेळ ‘प्रक्रिया चालू आहे’ असं दाखवतं. तेवढ्यात घाबरून तीच फाइल पुन्हा चढवू नये, नाहीतर एकाच तासाच्या तीन प्रती होतात. तपासणी स्वतःच्या खात्यातून न करता विद्यार्थ्याच्या खात्यातून, फोनवर करायची. सुरुवात, मध्य आणि शेवट बघायचा, फळ्यावर सर्वांत दाट लिहिलेल्या जागी थांबायचं आणि घातांक वाचता येतो का पाहायचं. स्वतःच्या खात्यातून सगळंच उघडतं, कारण मालक आपणच असतो.

मालकीवरून शिक्षक सर्वांत जास्त कुरकुरले. माझ्या ड्राइव्हवर ठेवलं तर काय बिघडलं? बिघडतं ते नंतर. मोफत वैयक्तिक खात्यात १५ जीबी मिळतात आणि त्यात मेल आणि फोटोही आले. न आवळलेले तीन तास ठेवले की मेल येणं थांबायची वेळ. शिवाय शिक्षकांची बदली झाली, खातं बंद झालं की वर्षभराचे तास त्यांच्याबरोबर जातात. शाळेच्या सामायिक ड्राइव्हवरची फाइल शाळेच्या मालकीची असते. तिथेही जागा अमर्याद राहिलेली नाही. शैक्षणिक संस्थांना पूर्वी गूगल हवी तेवढी जागा देत असे. २०२१मध्ये धोरण बदललं आणि २०२२पासून मोफत योजनेत अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी ठरले. एका शाळेला ते भरपूर आहेत. पण एकाच खात्याखाली संस्थेच्या वीस-पंचवीस शाळा असतील आणि तीस शिक्षकांची एकेक शाळा रोज प्रत्येकी एक तास कच्चाच चढवत असेल, तर दोनशे दिवसांत एका शाळेचे २७ टीबी होतात. मग चारच शाळा पुरे.

दुवा देताना ‘ज्याच्याकडे दुवा आहे तो कोणीही’ हा पर्याय पत्राने सरसकट बंद केला आहे. यूट्यूबवरचा ‘अनलिस्टेड’ व्हिडिओही याच जातीचा. तो शोधात येत नाही इतकंच, दुवा पुढे पाठवला की कोणीही बघतो. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, आणि मुलाचा चेहरा नि आवाज ही त्याची माहितीच आहे. यावर मॅडमचा उपाय कागदपत्रांच्या आधी कॅमेऱ्याच्या जागेचा आहे. फोन पहिल्या बाकाच्या पुढे, तोंड फळ्याकडे. मुलं पाठीमागे राहतात, चौकटीतली हालचाल कमी होते आणि फाइलही लहान होते. उत्तर द्यायला फळ्यापाशी आलेल्या मुलीचं काय, हा प्रश्न उरतोच. तिथे तेवढा भाग कापायचा किंवा पालकांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवायची.

फाइलच्या नावाचा नमुनाही पत्रासोबत आहे: `09B_Ganit_2025-07-14_Tas3.mp4`. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असं लिहिलं की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. उलट लिहिलं तर प्रत्येक महिन्याची १ तारीख एकत्र गोळा होते आणि जुलैचा धडा शोधताना जानेवारीचा हाती येतो.

मूळ साडेचार जीबीची फाइल कधी पुसायची, यावर पत्रात सुरुवातीला काहीच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दोघांनी चढवल्याबरोबर पुसली आणि त्यातल्या एका फाइलला आवाजच नसल्याचं मुलांनी सांगितलं. आता शेवटी एक ओळ वाढली आहे: विद्यार्थ्याच्या खात्यातून तपासून झाल्यावर आठ दिवस मूळ फाइल ठेवावी, त्यानंतर फोनमधून काढावी आणि ‘अलीकडे पुसलेले’ हा कप्पाही रिकामा करावा, नाहीतर फोनमधली जागा महिनाभर अडकूनच राहते.